पाडव्याच्या शुभेच्छा ऑफिसच्या ग्रुपवर: शब्द किती, इमोजी कोणते?

इमोजींच्या हजारोंच्या यादीत गुढी नाही. त्यामुळे पाडव्याच्या सकाळी ग्रुपवर शुभेच्छा टाकणारा माणूस कीबोर्डवर शोधाशोध करतो आणि गुढीसारखं दिसणारं काहीतरी उचलतो. बहुतेकदा ते 🎋 असतं: हिरवी काठी, तिला लोंबणारे रंगीत कागद. लांबून पाहिलं तर काठीला साडी नि गाठी बांधल्यासारखंच वाटतं. प्रत्यक्षात ते जपानमधल्या तानाबाता नावाच्या उन्हाळी सणाचं झाड आहे. त्या सणाला लोक आपल्या इच्छा कागदाच्या पट्ट्यांवर लिहून बांबूला बांधतात. त्याच्या शेजारचं 🎍 तर जपानी नववर्षाला दारापुढे ठेवायची बांबूची सजावट आहे. इमोजींची जुनी यादी जपानी मोबाइल कंपन्यांकडून आली आणि 2010 साली युनिकोडमध्ये गेली, तेव्हा ही मंडळीही तिच्याबरोबर आली. धाराशिवच्या एखाद्या शाखेच्या ग्रुपवर 🎋 टाकल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण ऑफिसातल्या शुभेच्छेत इमोजी निवडताना आपल्याला ते कसं दिसतं यापेक्षा समोरचा ते कसं वाचेल याला महत्त्व आहे, हे यावरून लक्षात यावं.

मित्रांच्या ग्रुपवर काहीही चालतं. ऑफिसच्या ग्रुपवर साहेब असतात, नुकतेच लागलेले क्लार्क असतात, रोखपाल मॅडम असतात, शिपाई मामा असतात आणि आंध्रातून बदली होऊन आलेला अधिकारीही असतो. एकच मजकूर या सगळ्यांपुढे जातो. म्हणून मी एक साधा नियम पाळतो: शुभेच्छा शब्दांनी पूर्ण व्हायला हवी. इमोजी सगळे पुसून टाकले तरी वाक्य तसंच उभं राहिलं पाहिजे. ते राहत असेल तर मग शेवटी एक-दोन इमोजी ठेवावेत. तीनच्या पुढे जाऊ नये.

उदाहरण म्हणून 19 मार्च 2026 चा पाडवा घेऊ. गुरुवार, सुट्टीचा दिवस. कळंब किंवा परंड्यासारख्या तालुक्याच्या गावातली एक बँक शाखा डोळ्यांसमोर आणा. मार्च अखेर बारा दिवसांवर आलेली, वसुलीची यादी रोज ग्रुपवर फिरतेय, रात्री आठ-आठपर्यंत लोक बसतायत. अशा ग्रुपवर सकाळी साडेसहाला साधारण असा मजकूर येतो:

🚩🚩🙏🙏🎉🎉🌺🌺 आपणास व आपल्या परिवारास गुढीपाडव्याच्या व हिंदू नववर्षाच्या हार्दिक हार्दिक शुभेच्छा!!! येणारे वर्ष आपणास सुख, समृद्धी, भरभराट, ऐश्वर्य, यश, कीर्ती घेऊन येवो हीच आई तुळजाभवानीचरणी प्रार्थना 🙏🙏🙏🚩🚩🚩🎊🎊

यात वाईट हेतू कुठेच नाही. पण हा मजकूर कुणीच कुणाला लिहिलेला नाही. तो कुठून तरी आलाय आणि पुढे चाललाय. ‘आपणास व आपल्या परिवारास’ म्हणजे नक्की कुणाला? शाखेत सोबत काम करणाऱ्या माणसाला आपण तोंडावर कधी ‘आपणास’ म्हणत नाही. दुरुस्ती इथूनच सुरू करायची: नमस्कार बोलण्यातला, संबोधन रोजचं. ग्रुपवर ‘नमस्कार मंडळी’ पुरेसं आहे. ‘जय’ने सुरू होणारे नमस्कार ज्याचे त्याला प्रिय असतात आणि ते वैयक्तिक संदेशात जरूर वापरावेत. कचेरीच्या ग्रुपवर मात्र साधा ‘नमस्कार’ कुणालाच बाहेर ठेवत नाही.

मग ‘हिंदू नववर्ष’. ज्या टेबलावर जोशी बसतात त्याच्या शेजारी शेख बसतात, पलीकडे कांबळे बसतात. ‘मराठी नववर्ष’ म्हटलं की तिघांच्याही घरातल्या भाषेचं वर्ष सुरू होतं. उमरग्याच्या बाजूला कर्नाटक लागून आहे, तिथल्या कचेऱ्यांत कानडी बोलणारी माणसं असतात. त्यांचा युगादीचा सण याच दिवशी असतो, तेलुगू सहकाऱ्यांचाही. ‘पाडव्याच्या आणि युगादीच्या शुभेच्छा’ असे दोन शब्द जास्त टाकले तर बदली होऊन आलेल्या त्या अधिकाऱ्याला बरं वाटेल. तो ते बोलून दाखवणार नाही, पण त्याच्या लक्षात राहील.

आई तुळजाभवानीचं काय करायचं? तुळजापूरच्या कचेरीत हा उल्लेख काढून टाका असं मी सांगणार नाही. तिथे तो रोजच्या बोलण्यातला आहे आणि तो नसला तरच चुकल्यासारखं वाटेल. जिल्ह्याबाहेरच्या, विभागीय पातळीच्या ग्रुपवर मात्र तो आपल्या घरापुरता ठेवावा. हे तारतम्य ग्रुप पाहून करायचं असतं, त्याचा कायदा करता येत नाही.

पंचांग पाहून शुभेच्छा लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. दर वर्षी काही हौशी मंडळी संवत्सराचं नाव घालतात. शके 1947 ला ‘विश्वावसु’ होतं, छान दिसायचं. शके 1948 चं नाव ‘पराभव’ आहे. साठ नावांच्या चक्रात ते चाळिसावं येतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण वसुलीचं टार्गेट डोक्यावर असलेल्या माणसाला ‘पराभव नाम संवत्सराच्या शुभेच्छा’ वाचायला देऊ नये. नाव गाळा, ‘शके 1948’ एवढं लिहा. किंवा तेही नको.

आता सगळ्यात नाजूक जागा: ‘समृद्धी, भरभराट, ऐश्वर्य’. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराने परंडा, भूम भागात शेतंच्या शेतं वाहून गेली. पिकांबरोबर वरची मातीही गेली. धाराशिव जिल्ह्यात कचेरीत नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांचं घर शेतीवर अर्धं तरी उभं असतं, भाऊ किंवा वडील शेती पाहतात. अशा माणसाला सहा महिन्यांनी ‘ऐश्वर्य व भरभराट’ आणि त्याच्यापुढे 🎉🎉🎊🎊 पाठवणं म्हणजे त्याच्या घराकडे न पाहता दारावरून वाजत-गाजत जाणं. त्या वर्षी ‘आरोग्याचं, समाधानाचं, वेळेवर पावसाचं जावो’ असं लिहिणारा माणूस त्याला आपला वाटेल. ज्याचं नुकसान झालंय हे आपल्याला माहीत आहे त्याला ग्रुपच्या शुभेच्छेवर सोडू नये. वेगळ्या दोन ओळी लिहाव्यात आणि त्यात एकही इमोजी नको:

भाऊसाहेब, पाडव्याच्या शुभेच्छा. मागचं वर्ष तुमच्या घराला जड गेलं, हे माहीत आहे. या वर्षी रान पुन्हा उभं राहो. काही कागदपत्रं करायची असतील तर निःसंकोच सांगा.

घरात कुणी गेलेलं असेल तिथेही हेच. अनेक घरांत वर्षभर सण करत नाहीत, गुढी उभारत नाहीत, गोडधोड होत नाही. त्या सहकाऱ्याला ‘सणाच्या हार्दिक शुभेच्छा’ न म्हणता ‘नवं वर्ष तुम्हाला बळ देवो’ म्हणावं.

आता इमोजींकडे येऊ. वरच्या मजकुरातलं पहिलं आहे 🚩. यादीत त्याचं नाव साधं ‘त्रिकोणी झेंडा’ आहे. बहुतेक फोनवर ते लाल दिसतं, आपल्याकडे ते भगवं म्हणून वाचलं जातं. आणि ऑफिसातली पंचविशीतली पोरं-पोरी हेच चिन्ह ‘या माणसापासून सावध’ अशा अर्थाने वापरतात. म्हणजे एकाच ग्रुपवर कुणी ते श्रद्धेने वाचतो, कुणी राजकारण म्हणून, कुणी धोक्याची खूण म्हणून. तीन अर्थांचं चिन्ह कचेरीच्या मजकुरात ठेवू नये. घरच्या ग्रुपवर दहा टाका.

पक्षांच्या चिन्हांबाबत सरकारी, निमसरकारी कर्मचाऱ्यांनी जरा जास्त जपावं. 🪷 कमळ, ✋ हात, ⏰ घड्याळ, 🏹 धनुष्यबाण, सगळी कीबोर्डवर आहेत. शुभेच्छेत फूल हवं म्हणून कमळ टाकलं तर टाकणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 राज्य शासकीय कर्मचाऱ्याला राजकारणापासून दूर राहायला सांगतात, आणि आचारसंहिता लागू असेल तर ग्रुपचा स्क्रीनशॉट कुठे जाईल ते सांगता येत नाही. फूलच हवं तर 🌼 घ्यावं. झेंडूच्या जवळचं, पाडव्याला दाराला शोभणारं आणि वरच्या चिन्हांत नसलेलं.

🙏 बद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण आपण ते सगळ्यात जास्त वापरतो. एक 🙏 म्हणजे नमस्कार. पण आपल्या ग्रुपांवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या मागेही तेच येतं, बऱ्याचदा 💐 सोबत. त्यामुळे नुसतं 💐🙏💐 असं शब्दांशिवाय टाकलं तर अर्धवट झोपेत फोन पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो: कोण गेलं? पाडव्याला 🙏 वापरायचं तर शब्दांच्या नंतर, एकच. वरिष्ठांना लिहिताना ते शोभतं.

❤️, 😘, 😍 हे इमोजी ऑफिसात नकोत, विशेषतः वरिष्ठाकडून कनिष्ठ महिला सहकाऱ्याला तर नकोतच. लिहिणाऱ्याला ते निरागस वाटतात. वाचणाऱ्या मॅडमना उत्तर काय द्यावं हा प्रश्न पडतो, आणि हसून सोडून द्यायची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. आपुलकी शब्दांत आणावी, चिन्हात नको.

मग पाडव्याला उरतं काय? माझं उत्तर 🌿 आणि 🌼. पहिलं म्हणजे कडुलिंबाच्या डहाळीच्या जवळ जाणारं हिरवं पान, दुसरं फूल. हे दोन्ही 2010 सालच्या यादीपासूनचे असल्यामुळे जुन्या फोनवरही नीट दिसतात. पणतीचा 🪔 हा इमोजी 2019 साली आला आणि कमळाचा 2021 साली. सात-आठ वर्षांपूर्वीचा, अपडेट बंद झालेला फोन वापरणाऱ्या शिपाई मामांना त्यांच्या जागी रिकामी चौकट दिसते. पणती तशीही दिवाळीची. आंब्याचं 🥭 चालेल, पाडव्याला बाजारात आंबा नुकता येऊ लागलेला असतो. पण मग 🌼 काढा.

खरी गुढी दाखवायची असेल तर इमोजीचा नाद सोडून आपल्या दारातल्या गुढीचा फोटो टाकावा. एकच, उजेडात काढलेला. नेटवरून उतरवलेल्या, कोपऱ्यात एखाद्या दुकानाचं किंवा पुढाऱ्याचं नाव असलेल्या बॅनरपेक्षा तो शंभरपट बरा.

इमोजींच्या रांगा टाळण्याचं अजून एक कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. दृष्टिहीन सहकारी फोन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात, उदाहरणार्थ अँड्रॉइडवरचं टॉकबॅक. ते प्रत्येक इमोजीचं नाव बोलून दाखवतं. वरचा मजकूर त्यांना ‘झेंडा, झेंडा, हात, हात’ असा ऐकत बसावा लागतो आणि शुभेच्छेचे शब्द त्यानंतर सुरू होतात. म्हणून इमोजी ओळीच्या शेवटी ठेवावा. शब्दाच्या जागी तो कधीच घालू नये. ‘गोड गोड 🥮 खा’ यातली खरी पोळी कुणालाच कळत नाही, आणि हो, 🥮 हीसुद्धा पुरणपोळी नाही, चिनी मूनकेक आहे.

एवढी काटछाट केल्यावर शाखाधिकाऱ्याने ग्रुपवर टाकायचा मजकूर असा होतो:

नमस्कार मंडळी,
गुढीपाडव्याच्या आणि मराठी नववर्षाच्या मनापासून शुभेच्छा! 🌿
गेले पंधरा दिवस सगळ्यांनी उशिरापर्यंत थांबून काम ओढलंय, त्याची जाणीव आहे. उद्यापासून क्लोजिंग आहेच. आज मात्र फोन बाजूला ठेवा आणि घरच्यांसोबत पुरणपोळी निवांत खा.
नवं वर्ष सगळ्यांना आरोग्याचं आणि समाधानाचं जावो. 🌼

यात ऊब कुठून आली ते पाहा. ती इमोजीतून आलेली नाही. ‘उशिरापर्यंत थांबून काम ओढलंय’ या एका वाक्यातून आली आहे. हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही शाखेतून फॉरवर्ड होऊन येऊ शकत नाही. प्रत्येक शुभेच्छेत असं एक वाक्य हवं, या कचेरीचं, या वर्षाचं. पंचायत समितीत असाल तर निधी परत जाऊ नये म्हणून चाललेल्या बिलांच्या धावपळीचं, शाळेत असाल तर परीक्षेचं. मात्र त्याच मजकुरात ‘उद्या वसुलीची यादी दहापर्यंत पाठवा’ असं कामाचं शेपूट लावू नका. लावलंत की वरचं सगळं खोटं वाटतं. ती यादी दुसऱ्या दिवशी मागा.

वरिष्ठांना स्वतंत्र लिहायचं तर भाषा थोडी सावरून घ्यावी, पण शरण जाऊ नये. ‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. पाडव्याच्या आपणास आणि घरच्या सर्वांना शुभेच्छा. या वर्षी आपल्या हाताखाली बरंच शिकायला मिळालं. 🙏’ एवढं पुरतं. शिकायला मिळालेलं एखादं काम नावाने सांगता आलं तर आणखी चांगलं. ‘आपल्या कृपाशीर्वादाने’ वगैरे बदलीच्या अर्जासाठी राखून ठेवा. शिपाई मामांना लिहायचं तर ‘मामा, पाडव्याच्या शुभेच्छा. रोज सकाळी तुम्ही दार उघडता म्हणून आमची शाखा सुरू होते’ असं लिहावं, आणि जमलं तर न लिहिता फोन करावा. त्यांना फोन जास्त आवडतो.

वेळेचं भान दोन बाबतींत ठेवावं लागतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच शुभेच्छा टाकून मोकळं व्हायची अनेकांना सवय असते. पण फाल्गुन अमावास्या हा छत्रपती संभाजी महाराजांचा बलिदान दिन आहे. 11 मार्च 1689 ला त्यांची हत्या झाली ती या तिथीला, आणि मराठवाड्यात बरीच मंडळी तो दिवस गांभीर्याने पाळतात. काही जण त्यामुळे पाडव्यालाही गुढी उभारत नाहीत. त्या संध्याकाळी ग्रुपवर 🎉 नको. पाडव्याच्या सकाळी आठ-नऊच्या सुमारास, घरातली गुढी उभारून झाल्यावर टाका. ज्यांना पाडवा करायचा नसतो त्यांच्याशी ग्रुपवर वाद घालायची गरज नाही. साध्या शब्दांतल्या नववर्षाच्या शुभेच्छा त्यांनाही पोचतात.

दुसरं म्हणजे ईद. 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला होता आणि ईद 11 ला. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला आणि ईद 31 ला. 2026 मध्येही दोन्ही सण एकाच आठवड्यात येतात. म्हणजे पाडव्याच्या सकाळी शेखभाई रोज्यात असतात. त्यांना पुरणपोळीचा फोटो पाठवून ‘या जेवायला’ म्हणू नये. ‘पाडव्याच्या शुभेच्छा, पोळी डब्यात घालून ठेवतो, इफ्तारला घ्या’ असं म्हणावं. आणि पाडव्याला ज्याने ग्रुपवर शुभेच्छा टाकल्या त्यानेच दोन दिवसांनी ईदच्याही टाकाव्यात, तितक्याच ओळींच्या, तितक्याच मनाने. एका सणाला चार ओळी आणि दुसऱ्याला नुसता 🌙, हा फरक वाचणाऱ्याला लगेच दिसतो. 2027 मध्ये पाडवा 7 एप्रिलला आहे आणि ईद जवळपास महिनाभर आधी. तोवर तीन वर्षांत लागलेली ही सवय मोडू देऊ नका.

शेवटी उत्तरांचं. चाळीस जणांच्या ग्रुपवर एकाने शुभेच्छा टाकल्या की एकोणचाळीस जण ‘आपणासही’ लिहितात आणि त्यात कालची कामाची सूचना वर कुठे तरी बुडून जाते. व्हॉट्सअॅपवर 2022 पासून संदेशावर बोट दाबून प्रतिक्रिया देता येते. ग्रुपच्या शुभेच्छेला तेवढं पुरे, 🙏 दाबा आणि पुढे चला. ज्याच्याशी खरंच बोलायचंय त्याला वेगळा संदेश करा. ग्रुपवर आधीच कुणी नीट शुभेच्छा दिल्या असतील तर आपली दुसरी टाकायचीही गरज नाही.

1 जानेवारीच्या शुभेच्छेला यातलं बरंचसं लागत नाही. तो दिवस कुणा एकाचा नाही, दोन ओळी आणि एक 🌼 भागवतात. जपायचं असतं ते पाडव्याला. तेव्हा या वेळी फॉरवर्ड आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी इमोजी काढून एकदा वाचून पाहा. आपल्या कचेरीबद्दल त्यात एकही वाक्य नसेल तर तो तिथेच सोडा आणि आपल्या दोन ओळी लिहा.